'म्हणून' आणि 'की' हे दोन शब्द ओळखा, वाक्यप्रकार आपोआप सुटतील

पहिल्या स्पर्धा परीक्षेत मी वाक्यप्रकाराचे दोन्ही प्रश्न चुकलो, आणि दोन्ही ठिकाणी माझी चूक एकच होती. 'आणि' दिसला की संयुक्त, 'की' दिसला की मिश्र, 'म्हणून' दिसला की संयुक्त, अशी यादी मी पाठ केली होती. वाक्य न वाचता मी त्यातला जोडणारा शब्द शोधला आणि यादीतलं उत्तर लिहून मोकळा झालो.

आता कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी काही मुलं-मुली हा भाग घेऊन माझ्याकडं बसतात. कुणी पोलीस भरतीचं, कुणी तलाठ्याचं, कुणी टीईटीचं. त्यांच्या वह्यांत तीच यादी दिसते. म्हणून ज्या क्रमानं हे मला सुटलं त्याच क्रमानं इथं लिहितोय. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना, किंवा बऱ्याच वर्षांनी मराठी व्याकरण हातात घेतलेल्यांना यातून सुरुवात करता येईल.

आधी हाताशी काय लागेल

एक पेन्सिल, एक रेघांची वही, आणि तुम्ही देणार असलेल्या परीक्षेच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका. सोबत उत्तरतालिका घ्या, पण ती अंतिम असू द्या. एमपीएससीसारख्या परीक्षांत आधी पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती येतात आणि मग अंतिम तालिका लागते. व्याकरणाच्या प्रश्नांवर हरकती होतातच. पहिल्या तालिकेवरून सराव केलात तर चुकीचं उत्तर बरोबर म्हणून डोक्यात बसतं, आणि ते पुन्हा काढायला दुप्पट वेळ जातो.

अजून एक गोष्ट प्रश्न सोडवायच्या आधी बघायची. वाक्यांचे प्रकार दोन-तीन तऱ्हांनी पाडतात. अर्थावरून विधानार्थी, प्रश्नार्थी, उद्गारार्थी. होकार-नकारावरून करणरूपी आणि अकरणरूपी. आणि वाक्यात किती विधानं आहेत त्यावरून केवल, संयुक्त, मिश्र. पर्यायांत यातलं कुठलं कुटुंब दिलंय ते आधी बघा. इथं आपण फक्त तिसऱ्या कुटुंबाबद्दल बोलतोय.

१. जोडणाऱ्या शब्दाकडं बघू नका, क्रियापदं मोजा

पेन्सिल घ्या आणि वाक्यातल्या प्रत्येक पूर्ण क्रियापदाखाली रेघ ओढा. एकच रेघ आली तर ते केवल वाक्य, मग ते तीन ओळींचं का असेना. दोन किंवा जास्त रेघा आल्या तरच पुढच्या पायरीवर जायचं.

अडचण येते ती पूर्ण क्रियापद कुठलं आणि क्रियापदासारखं दिसणारं कुठलं, हे ठरवताना. हे वाक्य घ्या:

'पाऊस थांबल्यावर छत्री मिटून गुळाचा बाजार बघत बघत आम्ही स्टँडकडं निघालो.'

थांबल्यावर, मिटून, बघत बघत, निघालो. चार क्रिया आहेत, पण रेघ एकीच्याच खाली येणार: निघालो. बाकीची तिन्ही धातुसाधितं आहेत. तपासायला सोपं आहे. त्या शब्दानंतर पूर्णविराम देऊन बघा. 'आम्ही स्टँडकडं निघालो.' ऐकणारा समाधानी. 'पाऊस थांबल्यावर.' ऐकणारा विचारणार, पुढं काय? ज्याच्यापाशी वाक्य थांबू शकत नाही ते धातुसाधित. ऊन, ताना, त, ल्यावर, ल्यास, ल्यामुळे, ण्यासाठी, णारा, लेला अशा शेवटांचे शब्द बहुतेक याच घरातले असतात. त्यामुळे वरचं वाक्य कितीही लांब असलं तरी केवल.

उलटी चूकही होते. 'मुलं खेळू लागली', 'त्यानं सगळी मिसळ खाऊन टाकली', 'मी आलो नव्हतो' यांत दोन-दोन शब्द मिळून एकच क्रियापद होतं. रेघ एकच ओढायची. पहिल्या दोन वाक्यांतल्या क्रियापदाला 'संयुक्त क्रियापद' म्हणतात, आणि त्या नावामुळं कित्येकजण वाक्यालाही संयुक्त म्हणून टाकतात. क्रियापद संयुक्त असलं तरी वाक्य केवल असू शकतं.

'आणि' असूनही केवल असलेली वाक्यं इथंच सुटतात. 'अंबाबाईच्या देवळात आणि रंकाळ्यावर आज गर्दी होती.' क्रियापद एक, 'आणि'नं जोडलीत फक्त दोन ठिकाणं. केवल. याउलट 'मी चहा घेतला आणि तिनं कॉफी.' इथं दिसायला क्रियापद एकच आहे, पण 'कॉफी'नंतर 'घेतली' दडलेलं आहे. ते उघड म्हणता येतं, वाक्य बिघडत नाही, म्हणून दोन रेघा आणि संयुक्त. आपल्या बोलण्यातला छोटा 'न्' सुद्धा विसरू नका. 'आलो न् झोपलो' यात तो 'आणि'चंच काम करतोय.

२. दोन रेघा आल्या की कोण कोणावर टेकलंय ते बघा

संयुक्त वाक्यात दोन्ही विधानं बरोबरीची असतात. जोडणारा शब्द काढला तर दोन स्वतंत्र वाक्यं उरतात. 'पावसाला सुरुवात झाली पण कुस्त्या थांबल्या नाहीत.' 'पण' काढा, दोन्ही वाक्यं आपापल्या पायावर उभी राहतात.

मिश्र वाक्यात एक विधान मुख्य असतं आणि दुसरं त्याच्यावर टेकलेलं. टेकलेलं विधान मुख्य विधानाबद्दलच्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर देतं: काय, कोणता, केव्हा, कशासाठी, कुठल्या अटीवर. 'जो तालमीत घाम गाळतो तो मैदानात टिकतो.' कोण टिकतो? जो घाम गाळतो तो. पहिलं विधान दुसऱ्यातल्या 'तो'ची ओळख सांगतंय, म्हणून मिश्र.

या वाक्यात एक बारीक सापळा आहे. 'जो... तो' ही संबंधी सर्वनामाची जोडी आहे, उभयान्वयी अव्यय, म्हणजे नुसता जोडणारा शब्द, नव्हे. 'जेव्हा-तेव्हा', 'जिथे-तिथे', 'जसे-तसे' या जोड्याही सर्वनामांपासून बनलेली क्रियाविशेषणं आहेत. प्रश्न 'वाक्याचा प्रकार सांगा' असा असेल तर काही फरक पडत नाही, उत्तर मिश्रच. पण 'उभयान्वयी अव्यय ओळखा' असं विचारलं असेल तर अशा जोडीवर खूण करू नका.

एकच आशय तिन्ही प्रकारांत कसा बसतो ते एकदा जवळून बघून घ्या. 'खूप सराव करूनही तो हरला.' केवल. 'त्यानं खूप सराव केला पण तो हरला.' संयुक्त. 'जरी त्यानं खूप सराव केला तरी तो हरला.' मिश्र. अर्थ तिन्हीत तोच राहिला, रचना बदलली. परीक्षा रचना विचारते. नुसत्या अर्थावरून प्रकार ठरवायला गेलात तर 'पण' आणि 'जरी-तरी' यांत गोंधळ होणारच.

३. 'म्हणून': आधी त्याच्या जागी दुसरा शब्द ठेवा

माझे गुण याच शब्दानं खाल्ले होते. 'म्हणून' हा एक शब्द नाही असं समजा. एकाच कपड्यातली पाच माणसं आहेत, आणि ओळखायचा मार्ग एकच: त्याला बाजूला करून त्या जागी दुसरा शब्द बसतो का ते बघायचं.

पहिला म्हणून. 'घाटात दरड कोसळली म्हणून गाडी उशिरा आली.' इथं 'त्यामुळे' किंवा 'सबब' बसतं. पहिली गोष्ट घडून गेली, दुसरी तिचा परिणाम. हा परिणामबोधक, आणि वाक्य संयुक्त.

दुसरा म्हणून. 'गर्दी टाळता यावी म्हणून आम्ही पहाटे निघालो.' इथं 'त्यामुळे' बसत नाही. गर्दी अजून टळलेली नाही, टळावी अशी इच्छा आहे. इथं 'यासाठी' बसतं. हा उद्देशबोधक, आणि वाक्य मिश्र. याची आणखी एक खूण आहे, जी मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. 'म्हणून'च्या लगेच आधीचं क्रियापद बघा. ते 'यावी, मिळावे, व्हावं, कळावा' अशा वा-वी-वे रूपात असेल तर नव्वद टक्के हाच म्हणून. पहिल्या वाक्यात 'कोसळली' होतं, इथं 'यावी' आहे. मधला शब्द अक्षरशः तोच, पण आधीच्या क्रियापदाच्या शेवटावर वाक्याचा प्रकार फिरला.

तिसरा म्हणून. '"उद्या येतो" म्हणून त्यानं सांगितलं.' इथं 'असं' बसतं: 'उद्या येतो असं त्यानं सांगितलं.' काय सांगितलं, त्याचं स्वरूप कळतं. स्वरूपबोधक, आणि दोन क्रियापदं आहेत म्हणून मिश्र.

चौथा तिसऱ्याचाच भाऊ आहे, पण वाक्याचा प्रकार बदलून टाकतो. 'आमच्या पेठेत आबासाहेब म्हणून एक वस्ताद होते.' इथं 'नावाचे' बसतं. 'ती परिचारिका म्हणून काम करते' यातलाही असाच. हा म्हणून वाक्यांना जोडतच नाही, नुसत्या नामाला धरून आहे. क्रियापद मोजा: एक. केवल. पुस्तकात 'म्हणून' गौणत्वसूचक, म्हणजे एक विधान दुसऱ्यावर टेकवणाऱ्या, अव्ययांत वाचलेला असतो, म्हणून लोक डोळे झाकून मिश्र लिहितात. पहिली पायरी न चुकता केली असेल तर इथं पाय घसरत नाही.

पाचवा म्हणून अव्ययच नाही. 'आरती म्हणून सगळे देवळाबाहेर पडले.' हा म्हणणे या धातूचा 'ऊन' लागलेला शब्द आहे: आरती म्हटली आणि मग बाहेर पडले. जेवून, बसून, तसं म्हणून. धातुसाधित, क्रियापद एकच, केवल वाक्य.

आता 'कारण'. 'गाडी उशिरा आली कारण घाटात दरड कोसळली.' अर्थ पहिल्या म्हणूनचाच. पण शालेय व्याकरणात 'कारण' गौणत्वसूचक मानतात, म्हणून हे वाक्य मिश्र आणि 'म्हणून'वालं संयुक्त. नवख्याला हे अन्यायाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. त्याचं कारण बघितलं तर लक्षात राहतं: 'कारण घाटात दरड कोसळली' या तुकड्यात जोडणारा शब्द कारण सांगणाऱ्या विधानाला चिकटलाय, आणि ते विधान 'का?' याचं उत्तर द्यायला मुख्य विधानाच्या मागं आलंय. 'म्हणून गाडी उशिरा आली' यात जोडणारा शब्द परिणामाला चिकटलाय, आणि परिणाम हे नवीन, पुढचं विधान आहे. जोडणारा शब्द कोणत्या विधानाच्या तोंडाशी आहे ते बघायची सवय लावा.

४. 'की': आपल्या बोलीचा 'की' आधी वेगळा काढा

एकदा कागलहून एसटीनं येणारा एक मुलगा प्रश्न सोडवत बसला होता. 'उद्या मी येतो की!' या वाक्याचा प्रकार मी विचारला, आणि तो आत्मविश्वासानं म्हणाला, 'दादा, हे मिश्रच आहे की!'

त्याच्या उत्तराच्या शेवटी तोच 'की' होता. आपण दिवसातून पन्नासदा म्हणतो: चल की, जेवलो की, हाय की. हा 'की' काही जोडत नाही, बोलण्याला नुसता जोर देतो. 'उद्या मी येतो की!' यात क्रियापद एक, वाक्य केवल. मी त्याला त्याचंच वाक्य वहीत लिहून क्रियापदाखाली रेघ ओढायला सांगितली. रेघ एकच आली, तेव्हा त्यानं मान डोलावली. ज्यांच्या कानात हा 'की' लहानपणापासून आहे त्यांनी नियम असा ठेवा: 'की'च्या पुढं दुसरं विधान नसेल तर तो जोडणारा नाही.

जोडणारा 'की' मुख्यतः तीन तऱ्हांनी येतो.

'तू थांबणार आहेस की निघणार आहेस?' दोघांतलं एक निवडायचंय, 'किंवा' बसतं. विकल्पबोधक, संयुक्त.

'काका म्हणाले की यंदा गुऱ्हाळ लवकर सुरू होईल.' काय म्हणाले त्याचं स्वरूप पुढं आलं. 'असं' घालून बघा: 'यंदा गुऱ्हाळ लवकर सुरू होईल असं काका म्हणाले.' स्वरूपबोधक, मिश्र. म्हणणे, सांगणे, वाटणे, कळणे, दिसणे ही क्रियापदं 'की'च्या आधी असली तर बहुतेक हाच. कधीकधी 'की' गळतो: 'काका म्हणाले, गुऱ्हाळ लवकर सुरू होईल.' जोडणारा शब्द दिसत नाही, तरी दुसरं विधान 'काय म्हणाले' याचंच उत्तर आहे, म्हणून मिश्रच.

तिसरा पावसाळ्यात आपल्याला रोज ऐकू येतो. 'राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी गाठली जाते.' इथं 'किंवा' बसत नाही, 'असं'ही बसत नाही. 'जेव्हा... तेव्हा' किंवा 'जर... तर' बसतं. एक घडलं तर दुसरं घडणार, हा संकेत. संकेतबोधक, मिश्र.

'इतका पाऊस झाला की रस्ता बंद झाला' यातला 'की'ही मिश्रच करतो. आधी 'इतका, एवढा, असा' दिसला तर दुसरं विधान त्या 'इतका'चं माप सांगत असतं.

लिहिताना 'की' दीर्घच लिहा आणि 'आणि'तला 'णि' ऱ्हस्व. शुद्धलेखनाच्या प्रश्नात हे दोन्ही शब्द येतात.

५. वेषांतर करणारे बाकीचे शब्द

यांवर फार वेळ घालवू नका, पण ओळख ठेवा. 'मी पण येतो' यात 'पण' म्हणजे 'सुद्धा'. 'एकदा तरी पन्हाळ्याला ये', 'मी तर गेलोच नाही', 'उशिराचं कारण पाऊस होता' या सगळ्यांत ओळखीचा शब्द आहे, क्रियापद मात्र एकच. सगळी केवल वाक्यं.

६. एक अवघड वाक्य पूर्ण सोडवून

'जोतिबाची यात्रा आटोपून घरी आल्यावर दमलेले काका म्हणाले की उद्या कोणी आलं नाही तरी मी गुऱ्हाळावर जाणार.'

रेघा ओढू. 'आटोपून' धातुसाधित, सोडा. 'आल्यावर' धातुसाधित, सोडा. 'दमलेले' काकांचं विशेषण झालंय, सोडा. 'म्हणाले', पहिली रेघ. 'आलं नाही', दुसरी. 'जाणार', तिसरी. इथं 'आहे' दडलंय, पण वाक्य थांबू शकतं, म्हणून ते पूर्ण क्रियापद. 'जाणारा' असतं तर सोडलं असतं.

तीन विधानं झाली. आता टेकणं बघू. मुख्य विधान 'काका म्हणाले'. काय म्हणाले? 'की'च्या पुढचं सगळं. म्हणजे हा स्वरूपबोधक 'की', आणि त्याच्या पुढचा अख्खा तुकडा नामाच्या जागी बसलेलं गौणवाक्य. त्या तुकड्याच्या पोटात अजून एक जोडी आहे: 'कोणी आलं नाही तरी मी जाणार'. 'तरी'च्या आधी 'जरी' गळलंय, ते घालून बघा, नीट बसतं. हा संकेतबोधक. दोन्ही सांध्यांवर टेकलेलंच नातं आहे, बरोबरीचं कुठंच नाही. उत्तर मिश्र.

आता याच वाक्याची मोडतोड करून प्रकार बदलता येतो का ते बघा, हाच सगळ्यात चांगला सराव. 'उद्या कोणी येणार नाही पण मी गुऱ्हाळावर जाणार' केलंत की संयुक्त झालं. 'उद्या कोणी न आल्यासही मी गुऱ्हाळावर जाणार' केलंत की केवल.

रोज प्रश्नपत्रिकेतली दहा वाक्यं घेऊन वहीत तीन रकाने पाडा: क्रियापदं किती, जोडणाऱ्या शब्दाच्या जागी काय बसलं, प्रकार कोणता. चुकलेल्या वाक्याच्या पुढं कोणत्या पायरीवर चुकलात तेवढंच लिहा. आमच्या अभ्यासिकेतल्या वह्यांत बहुतेक चुका पहिल्या रकान्यातल्या निघतात, आणि त्यातल्या निम्म्या 'ऊन' आणि 'ल्यावर'च्या.